दहा ओळींच्या अर्जाची बाजू

आमच्या भागातल्या मुलामुलींना हल्ली सांगितलं जातं की अर्ज म्हणजे स्वतःची जाहिरात. ती इंग्रजीत असावी, निदान दोन पानी असावी, वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ असावं, खाली छंद असावेत. ‘महोदय’, ‘कळवावे ही विनंती’, ‘आपला विश्वासू’ ही भाषा निजामाच्या कचेरीतून उरलेली लाचारी आहे, ती टाकून द्या आणि ‘मी तुम्हाला काय देऊ शकतो’ ते छाती काढून सांगा. हे सांगणारे मार्गदर्शक सहसा नांदेडहून किंवा पुण्याहून येतात, तासभर बोलतात, पोरांच्या मनात पेटवायचं ते पेटवतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. दुसऱ्या दिवशी ती पोरं माझ्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात येतात. त्यामुळे या उपदेशाचं पुढे काय होतं ते मला रोज बघायला मिळतं.

मार्गदर्शकांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करतो. आमचं देगलूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. कचेरीचा कारभार उर्दूत चाले, आणि गरजू माणूस अर्जनविसाकडून अर्जी लिहून घेई तेव्हा स्वतःला ‘फिदवी’ म्हणवून घेई. त्या वळणाचा वास आमच्या काही अर्जांना अजून येतो. ‘माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून’ इथून सुरू होणारे आणि ‘आपले उपकार जन्मभर विसरणार नाही’ इथे संपणारे अर्ज मी टाइप केलेले आहेत, आणि ते करताना मलाच अवघडल्यासारखं झालेलं आहे. पण या दोन वाक्यांवरचा राग ‘महोदय’वर काढण्यात काय अर्थ आहे? लाचारी असते ती ‘पगार मिळेल तो चालेल’ असं लिहिण्यात. समोरच्याला आदराने हाक मारून आपलं म्हणणं नेमकं मांडण्यात कुठली आली? आमच्याकडे वयाने मोठ्या हमालालाही कुणी अरेतुरे करत नाही. मग ज्याच्या दुकानात काम मागायला निघालो, त्याला कागदावर मान दिल्याने पाठीचा कणा कसा काय वाकतो, हे मला कळलेलं नाही.

खरा घोळ वेगळाच आहे. हा अर्ज वाचणार कोण, याचा विचारच या मार्गदर्शनात नसतो. त्यांच्या डोळ्यांसमोर मोठी कंपनी असते. तिथे शेकडो अर्ज येतात, ते आधी संगणक चाळतो, मग मनुष्यबळ विभागातलं कुणीतरी बघतं, आणि ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याची गाठ सगळ्यात शेवटी पडते. देगलुरात औषधांचं दुकान, डॉक्टरांचा दवाखाना, कापडाचं दुकान किंवा मोंढ्यातली आडत, यांपैकी कुठेही अर्ज द्या, वाचणारा एकच असतो : मालक. तोही काउंटरवर उभ्याने वाचणार, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या मिनिटभरात. एका हातात चिठ्ठी, कानाला फोन आणि समोर ‘लवकर द्या हो, गाडी निघते’ म्हणणारी म्हातारी. अशा माणसापुढे दोन पानं ठेवली की तो पहिल्या पानाचा मथळा बघतो, ‘ठेवा, बघतो’ म्हणतो आणि कागद कॅलेंडरच्या मागे खोचून देतो. यात त्याचा उर्मटपणा नाही. त्याला जे हवं होतं ते पहिल्या चार ओळींत सापडलं नाही, एवढंच.

त्याला काय हवं असतं ते एका उदाहरणावर बघू. उदाहरण औषधाच्या दुकानाचं घेतो, कारण या धंद्यात मालकाची गरज सगळ्यात स्पष्ट असते. समजा, करडखेडची एक मुलगी आहे. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचं डी.फार्म. केलं, त्यानंतरचं तीन महिन्यांचं ५०० तासांचं प्रात्यक्षिक नांदेडला एका औषध दुकानात पुरं केलं आणि फार्मसी कौन्सिलमध्ये नाव नोंदवून घेतलं. देगलुरातल्या एका मेडिकलवर जागा आहे असं तिच्या कानावर आलं. मार्गदर्शकांच्या पद्धतीने अर्ज लिहिला तर तिची सुरुवात अशी होईल : आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःच्या क्षमतांचा विकास साधणे आणि संस्थेच्या प्रगतीत मोलाचे योगदान देणे, हे माझे ध्येय आहे. हे वाक्य ती बँकेला पाठवू शकते, साखर कारखान्याला पाठवू शकते, विमानतळालाही पाठवू शकते. मेडिकलवाल्याला त्यातून काय कळलं? पुढे दहावीपासूनच्या टक्केवारीचा तक्ता, मग ‘टीम प्लेअर’, ‘हार्ड वर्किंग’, छंद : वाचन, संगीत. ज्या नोंदणीमुळे ती त्या दुकानात उभी राहू शकते, ती नोंदणी दुसऱ्या पानाच्या तळाशी.

आता मेडिकलवाल्याची अडचण समजून घ्या. १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच तयार करून द्यायचं. दुकानाच्या परवान्याबरोबर फार्मासिस्टचं नाव अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदलेलं असतं. तो माणूस सोडून गेला की मालकाला नवं नाव कळवावं लागतं, आणि मधल्या काळात इन्स्पेक्टर आला तर उत्तर काय द्यायचं ही धास्ती असते. या धंद्यात प्रमाणपत्र भाड्याने देण्याची एक वाईट खोड आहे : नाव एकाचं, काउंटरवर दुसराच, आणि नाववाला महिन्याला सही करून पैसे घेऊन जातो. नीट धंदा करणारा मालक याला घाबरून असतो. म्हणून कुणी अर्ज घेऊन आलं की त्याच्या मनात आधी येणारे प्रश्न ठरलेले असतात. नोंदणी आहे का? हे नाव आधीच दुसऱ्या दुकानाला लावलेलं तर नाही? रोज येऊन उभी राहणार का? आणि जायची झाली तर आधी सांगणार, की एक दिवस नुसतीच यायची बंद होणार? हुशारीचा प्रश्न यानंतर येतो, छंदांचा तर येतच नाही.

हे प्रश्न ज्या क्रमाने त्याच्या मनात उठतात त्याच क्रमाने त्यांची उत्तरं द्यायची ठरवली, तर अर्ज साधारण असा होतो :

प्रति,
मा. संचालक,
——— मेडिकल, देगलूर.

विषय : फार्मासिस्ट म्हणून काम मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्याकडे फार्मासिस्टची जागा रिकामी असल्याचे आमच्या शाळेच्या ——— बाईंकडून समजले. त्या मला पाचवीपासून ओळखतात.

मी करडखेडची राहणारी असून माझे डी.फार्म. पूर्ण झाले आहे. फार्मसी कौन्सिलकडे माझी नोंदणी आहे, क्रमांक ———. सध्या माझे नाव कोणत्याही दुकानाच्या परवान्यावर नाही.

नांदेडला प्रात्यक्षिकाच्या काळात चिठ्ठीप्रमाणे औषध काढणे, एक्स्पायरीचा माल वेगळा करणे आणि एच-वनचे रजिस्टर लिहिणे ही कामे मी केली आहेत. बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर सराव कमी आहे, तो करून घेईन. मराठी, हिंदी व तेलुगू बोलता येते, कन्नड समजते.

सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळेत मी दुकानात पूर्णवेळ थांबू शकते. त्यानंतर गावची गाडी मिळत नाही. काम सोडण्याची वेळ आली तर एक महिना आधी कळवीन.

आपल्या सोयीच्या वेळी भेटीस येईन. तसे कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
———

यातली लाचारी मला कुणी बोट ठेवून दाखवावी. विनंती एकदाच आहे आणि ती भेटीची वेळ कळवण्यासाठी आहे, दयेसाठी नाही. गरिबीचा उल्लेख नाही. पगाराबद्दल मुद्दाम काही लिहिलेलं नाही, कारण आमच्याकडे पगार समोरासमोर ठरतो. कागदावर आकडा टाकला की एकतर मालक बिचकतो किंवा मुलगी स्वतःलाच कमी भावात बांधून घेते. आणि ‘सात वाजल्यानंतर थांबता येणार नाही’ हे तिने आधीच सांगून टाकलं आहे. लाचार माणूस असं काही लिहीत नाही. तो ‘कितीही वेळ थांबेन’ लिहितो आणि तिसऱ्या आठवड्यात गाडी चुकली म्हणून रडकुंडीला येतो.

प्रत्येक ओळ तिथे का आहे तेही सांगतो. एच-वनचं रजिस्टर हे नाव बाहेरच्याला काहीच सांगत नाही, पण मेडिकलवाल्याला सगळं सांगतं. २०१४ पासून क्षयरोगाची औषधं, काही अँटिबायोटिक्स आणि झोपेच्या काही गोळ्या विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि दिलेलं प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. बहुतेक दुकानांत हे काम रात्री कंटाळून उरकलं जातं आणि तपासणीत पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं. त्यामुळे एखादी मुलगी हे लिहिलेलं आहे म्हणते, तेव्हा मालकाला कळतं की ही प्रात्यक्षिकाला खरंच उभी राहिली होती, नुसता दाखला घेऊन आलेली नाही. ‘मेहनती व प्रामाणिक’ या दोन शब्दांतून ते कधीच कळलं नसतं. ‘सॉफ्टवेअरवर सराव कमी आहे’ हे वाक्य मार्गदर्शकांना अजिबात आवडणार नाही, कमीपणा स्वतःहून का सांगायचा म्हणतील. अहो, पहिल्याच दिवशी तो काउंटरवर दिसणार आहे! लहान दुकानात लपवायला जागा नसते. आधी सांगितलेला कमीपणा शिकण्यात मोजला जातो, नंतर सापडलेला खोटेपणात.

आणि ती तेलुगू-कन्नडची ओळ. पुण्याच्या साच्यातल्या अर्जात भाषा तळाशी येतात, ‘लँग्वेजेस नोन’ म्हणून, इंग्रजी सगळ्यात वर. देगलूरच्या दुकानदारासाठी ही ओळ पदवीच्या बरोबरीची आहे. आमच्या एका बाजूला तेलंगणातलं मदनूर, दुसऱ्या बाजूला कर्नाटकातलं औराद. तिकडची माणसं औषधाला, कापडाला, लग्नाच्या बस्त्याला इकडे येतात. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे मदनूरच्या आजीला तिच्या भाषेत सांगणारं कुणी काउंटरवर असेल तर ती पुढच्या वेळी शेजारचं दुकान ओलांडून इथे येते. हे मालकाला कुणी शिकवावं लागत नाही, त्याचा धंदाच त्यावर उभा आहे. शिकवायचं आहे ते पोरांना. घरी, बाजारात सहज बोलल्या जाणाऱ्या तेलुगूला ती गुण मानतच नाहीत. माझ्या समोर बसून चक्क खोडायला सांगतात : ‘ते नको काका, गावठी वाटतं.’

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो. हे मार्गदर्शकांच्या अगदी उलट टोकाला असतात. त्यांचं म्हणणं, देगलुरात कागद लागतोच कशाला? मामा ओळखतो, काकाचा उधारीचा व्यवहार आहे, जाऊन सांगितलं की झालं. या मुद्द्यात दम आहे. इथली बहुतेक कामं ओळखीनेच लागतात, आणि माझ्या नमुन्यातही पहिली ओळ बाईंच्या ओळखीचीच आहे. पण ओळख दार उघडते आणि तिथेच थांबते. मामा सांगतो काय? ‘पोरगी चांगली आहे, बघा काही जमलं तर.’ नोंदणी क्रमांक मामाला माहीत नसतो, सातच्या गाडीचं तो बोलत नाही. मालक ‘पाठवा’ म्हणतो आणि गिऱ्हाइकाकडे वळतो. रात्रीपर्यंत नावही विसरतो.

शिवाय घरच्या धंद्यात ठरवणारा एकटा कुठे असतो? काउंटरवर म्हातारे वडील, खरेदीचं आणि बँकेचं मुलगा बघतो, हिशोब कित्येकदा सूनबाई बघतात, आणि दवाखाना असेल तर डॉक्टर नवरा-बायको दोघं. माणूस ठेवायचा की नाही ते रात्री जेवताना ठरतं. त्या वेळी मामा तिथे नसतो. असतो तो खिशातून काढलेला, घडी घातलेला कागद. तो ताटाशेजारी उलगडून वाचला जातो, या हातातून त्या हातात जातो. सून विचारते, ‘सातनंतर काउंटरवर कोण?’ मुलगा म्हणतो, ‘मी आहे की.’ बोलणं पुढे सरकतं ते कागदावर काहीतरी धरून बोलण्यासारखं आहे म्हणून. दोन पानी इंग्रजी बायोडाटा या ताटापाशी पोचतच नाही, आणि मामाच्या तोंडी शिफारशीत वाचण्यासारखं काही नसतं. दहा ओळींचा मराठी कागद तेवढा पोचतो.

म्हणूनच तो एका बाजूला मावला पाहिजे. हाताने लिहिला तरी चालतो, अक्षर वाचता आलं म्हणजे झालं. मेडिकलवर तर स्वच्छ हस्ताक्षर ही स्वतंत्र शिफारस ठरते. प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याची गरज नाही. नोंदणीच्या दाखल्याची एक झेरॉक्स मागे टाचली की पुरे. झेरॉक्सवाला असून मी हे सांगतोय, यावरून काय ते समजा.

वेळेचंही तसंच. उत्साहाच्या भरात पोरं सकाळी अकराला दवाखान्यात अर्ज घेऊन जातात. बाहेर बाकड्यावर पेशंट दाटीवाटीने बसलेले, आतून नंबर पुकारला जातोय, आणि हा डॉक्टरांना ‘एक मिनिट’ म्हणून अडवतो. कागद कितीही नीट असो, तो चुकीच्या क्षणी हातात पडला. दुपारी गर्दी ओसरल्यावर जावं, काउंटरवरच्या माणसाला नाव सांगावं, अर्ज मालकाच्या हातात द्यावा आणि निघावं. मोंढ्यातल्या आडतीवर तर हंगामही बघावा लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची आवक चालू असते, मुनिमाला मान वर करायला फुरसत नसते. तिथे काम हवं असेल तर पोळ्याच्या आसपास, हंगामाआधी जायला हवं. माणूस हवा असतो तो याच वेळी, आणि बोलायला सवडही असते.

आठ दिवसांत निरोप आला नाही तर एकदा जाऊन विचारावं, ‘काही ठरलं का?’ एकदाच. मार्गदर्शकांच्या पुस्तकात याला फॉलो-अप म्हणतात आणि तीन-चार वेळा करायला सांगतात. मोठ्या कंपनीत ते चालत असेल. इथे मालक आणि अर्जदार रोज एकाच रस्त्यावर भेटणार असतात, जागा मिळो न मिळो. तिसऱ्यांदा विचारणाऱ्या माणसाला तो लांबून बघूनच दुकानात आत वळतो, आणि पुढे खरंच जागा निघाली तरी त्याला निरोप धाडायचं टाळतो.

या सगळ्यावर मार्गदर्शकांचं शेवटचं आणि सगळ्यात वजनदार उत्तर असतं : तुम्ही पोरांना देगलुरातच अडकवून ठेवताय, उद्या त्यांना हैदराबाद-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात अर्ज करायचा झाला तर हा दहा ओळींचा कागद काय कामाचा? तिथे हा कागद चालणार नाही, हे खरंच आहे. तिथे इंग्रजी बायोडाटा लागेल, रकाने भरावे लागतील, तो मी हौसेने टाइप करून देईन. पण त्या बायोडाट्यात ‘एक्स्पीरिअन्स’ नावाचा एक रकाना असतो, आणि मोठ्या हॉस्पिटलचा माणूस आधी तोच बघतो. करडखेडच्या मुलीला तो रकाना कोरा सोडायचा नसेल, तर देगलूरच्या कुठल्यातरी मेडिकलच्या काउंटरमागे तिला निदान दोन वर्षं उभं राहावं लागेल.